जेटीच्या कुंड्या: भरावपातळी सेन्सरच्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२५

आज नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात बसून, कुंडी किती भरली हे सांगणारे सेन्सर बसवायचं काम कुठून सुरू करायचं ते ठरवलं. गावात सार्वजनिक कुंड्या आता मोजक्याच उरल्यात, कारण घरोघरी घंटागाडी जाते. उरलेल्या कुंड्या तीन ठिकाणी आहेत: बाजारपेठ, एसटी स्टँड आणि जेटी. सगळ्या ११०० लिटरच्या, चार चाकांच्या, प्लॅस्टिकच्या. कचरा दाबून नेणारी गाडी, म्हणजे कॉम्पॅक्टर, रोज सकाळी तिन्हीकडे फिरतो आणि मग डेपोला जातो.

प्रकल्पातल्या माझ्या जोडीदाराचं म्हणणं होतं की बाजारपेठेपासून सुरू करू, लोकांना दिसेल तरी. मी जेटीवर अडून बसलो. बाजारपेठेतल्या सहा कुंड्यांपैकी दोन रिकाम्या आहेत हे कळून गाडीची वाट काही कमी होत नाही, ती त्याच रस्त्याने जाते. वाचतात ती दोन-चार मिनिटं. जेटी मात्र गावापासून ७ किलोमीटरवर आहे, रस्ता तिथेच संपतो आणि तिथे फक्त दोन कुंड्या आहेत, एक ओल्याची आणि एक सुक्याची. त्या दोन्हींना आज गाडी नको हे कळलं तर येऊन-जाऊन १४ किलोमीटर वाचतात. कॉम्पॅक्टरला लिटरमागे तीनेक किलोमीटर मिळतात असं ड्रायव्हरदादा सांगतात, म्हणजे एका फेरीला साडेचार-पाच लिटर डिझेल.

मुकादमकाका ऐकत होते. म्हणाले, "कुंडी अर्धी आहे हे मला इथं बसून कळायला हवं, एवढंच करा. पण एक लक्षात ठेवा. रिकाम्या कुंडीला गाडी गेली तर कोणी विचारत नाही. भरलेल्या कुंडीला नाही गेली, तर नगरसेवकाचा फोन मला येतो."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून राहणार.

९ मे

सेन्सर निवडले. तत्त्व सोपं आहे: सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, तो कचऱ्यावर आपटून परत येतो, आणि गेल्या-आल्याचा वेळ मोजून अंतर काढायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक सेंटिमीटर अंतरामागे जाण्यायेण्याचे ५८ मायक्रोसेकंद. आमच्या कुंडीची आतली खोली ११० सेमी आहे, तर तळाचा प्रतिध्वनी साडेसहा मिलिसेकंदांच्या आत यायला हवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांकडे असतो तो दोन डोळ्यांचा HC-SR04. टेबलावर उत्तम चालतो. कुंडीत चालणार नाही, कारण त्याचे दोन्ही डोळे जाळीचे आणि उघडे असतात. ओल्या कचऱ्याच्या वाफेत ते किती टिकणार? म्हणून JSN-SR04T घेतला. गाडीच्या बंपरमध्ये पार्किंगसाठी असतो तसला एकच बंद, जलरोधक डोळा, लांब वायरला जोडलेला.

त्याची एक अडचण माहितीपत्रकातच आहे. आवाज सोडणारा आणि ऐकणारा डोळा एकच असल्यामुळे, आवाज सोडल्यावर तो काही काळ स्वतःच थरथरत राहतो आणि तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे २० ते २५ सेमीच्या आतली वस्तू त्याला दिसत नाही. या पट्ट्याला आम्ही 'आंधळा पट्टा' म्हणतो. ११० पैकी वरचे २० सेमी गेले तर बिघडलं कुठे, भरल्याची खूण त्याच्या खाली, ३० सेमीवर ठेवू, असं ठरलं.

तापमानाचाही विचार झाला. २० अंशांना आवाजाचा वेग ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. म्हणजे पूर्ण खोलीत फरक पडला तर चार सेंटिमीटरच्या आत. कचऱ्याच्या ढिगाचा पृष्ठभागच वीस-वीस सेंटिमीटर वरखाली असतो, तिथे तापमानाचा सेन्सर लावणं म्हणजे उगाच वायर वाढवणं. नाही लावला.

१४ मे

आरोग्य विभागाने एक जुनी कुंडी कॉलेजच्या आवारात आणून दिली. वॉचमनची नाराजी पत्करून तिच्यात खरा कचरा भरला.

पहिला प्रश्न, सेन्सर लावायचा कुठे? नेटवर दिसणारं प्रत्येक चित्र झाकणाच्या आतून मधोमध लावलेलं दाखवतं. आपल्याकडे ते चालत नाही, आणि त्याचं कारण जेटीवर तासभर उभं राहिलं की दिसतं: झाकण उघडंच असतं. घाणेरड्या झाकणाला हात लावायला कोणी तयार नाही. एकदा उलटं टाकलेलं झाकण गाडी येईपर्यंत तसंच लोंबतं, आणि त्यावरचा सेन्सर समुद्र बघत बसतो.

म्हणून तो कुंडीच्या अंगालाच लावला. बिजागरीच्या बाजूच्या काठाला आतून स्टेनलेसची पट्टी वाकवून बसवली आणि डोळा मधोमध बघेल असा दहा अंश तिरपा केला. बिजागरीची बाजू निवडण्याचं कारण असं की कॉम्पॅक्टर कुंडी उचलून पुढच्या काठावरून ओततो. कचरा पुढून घसरतो, मागच्या भिंतीला सर्वांत कमी घासतो. लोकही पिशव्या पुढूनच टाकतात.

मग वेगवेगळा कचरा टाकून पाहिलं. पुठ्ठे, बाटल्या, भाजीचा पाला, बांधलेल्या पिशव्या: आकडा मोजपट्टीशी दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळतो. ताणून बांधलेली गुळगुळीत पिशवी तिरकी पडली की आवाज बाजूला फेकला जातो. तो भिंतीवर आपटून उशिरा परत येतो आणि पातळी आहे त्याहून खाली दिसते. त्यावर सात वाचनांतलं मधलं घ्यायचं आणि तळापेक्षा लांबचं काही आलं तर ते धरायचंच नाही, असं केलं.

सगळ्यात वाईट निघालं ते मासेमारीचं फाटकं जाळं. नायलॉनच्या जाळ्याचा भारा वर टाकला की प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही, आवाज त्या गुंत्यात मुरतो. सेन्सर गप्प राहतो. जेटीच्या कुंडीत जाळं पडणार नाही, असं तर होणार नाही.

२२ मे

वीज. जेटीवर कुंडीजवळ वीज नाही आणि सौर पॅनेल लावलं तर ते महिनाभर तरी जागेवर राहील याची खात्री कोणी देईना. म्हणजे सेलवर चालायला हवं.

वर्गातली मुलं ईएसपी३२ चा तयार बोर्ड घ्या म्हणत होती. ती चिप गाढ झोपेत दहा-एक मायक्रोअँपिअरच घेते, हे खरं. पण तयार बोर्डवर चिप एकटी नसते. व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि सतत जळणारा लाल दिवा असतो. मीटर लावून पाहिला तर झोपेतही बोर्ड १० मिलिअँपिअर खात होता. दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. २६०० चा एक १८६५० सेल त्याला अकरा दिवस पुरेल.

म्हणून ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी घेतला, त्यावरचा दिवा आणि रेग्युलेटर काढून टाकला, आणि स्वतः अगदी कमी वीज खाणारा वेगळा रेग्युलेटर बाहेरून दिला. सेन्सरचा पुरवठा मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक खटक्यामधून, मोजायच्या वेळीच चालू होतो. सगळं मिळून झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास. दर १५ मिनिटांनी जागं होऊन सेकंदभर मोजायचं आणि पाठवायचं, याचा हिशेब दिवसाला सव्वा मिलिअँपिअर-तासाच्या आत बसतो. त्या दराने सेल वर्षानुवर्षं जावा. तितका जाणार नाही, उन्हात तापून तो आपोआप उतरेल, पण वर्षातून एकदा बदलला तरी पुरे.

संदेश लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओने पाठवतो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ज्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. ते संदेश झेलणारा गेटवे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसवला, तिथे नगरपरिषदेची वीज आहे आणि जेटी सरळ नजरेत येते. गावातल्या इमारतीवरून मधल्या डोंगरामुळे एकही संदेश पोचला नसता.

२९ मे

पाऊस यंदा २५ तारखेलाच कोकणात उतरला. आम्ही जूनचा पहिला आठवडा धरून चाललो होतो, त्यामुळे डब्यात वायर शिरते तिथे पाणी अडवणारे केबल ग्लँड बसवायची घाई झाली.

जेटीच्या ओल्या कुंडीचे पहाटेचे आकडे, म्हणजे सेन्सरपासून कचऱ्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये, विचित्र आहेत. रात्री ७०, ६९, ७० असे थोडे हलतात, आणि पहाटे चारपासून सलग २३, २३, २३. सात वाजून गेले की परत ६८. कचरा रात्रीतून अर्धा मीटर चढून सकाळी उतरत नाही.

झाकण उघडून हात फिरवला तर डोळ्याच्या मधोमध पाण्याचा थेंब लटकलेला. ओला कचरा आतून गरम असतो, त्याची वाफ वर येते आणि पहाटेच्या गार पृष्ठभागावर जमते. थेंबामुळे डोळ्याची थरथर लांबते आणि यंत्र तिलाच प्रतिध्वनी समजतं. हे ओळखायची खूण म्हणजे आकड्याचा स्थिरपणा. खऱ्या कचऱ्यावरून येणारं वाचन एक-दोन सेंटिमीटर हलतंच, हे मात्र ठोकळ्यासारखं एकाच जागी बसतं, आणि तेही नेमकं आंधळ्या पट्ट्याच्या काठावर.

तिरपेपणा दहाचा पंधरा अंश केला, म्हणजे थेंब मधोमध न थांबता काठाकडे सरकतो. भोवती पीव्हीसी पाइपचं छोटं छप्पर होतं, त्याच्या कडेवर पाणी साचत होतं. ते कापून आखूड केलं.

१ जून

आजची नोंद जरा लांबणार.

जून-जुलैची मासेमारी बंदी आजपासून. त्यामुळे काल दिवसभर आणि आज पहाटे होड्या किनाऱ्यावर ओढायचं काम चाललं होतं. होडी ओढली की ती साफ होते: फुटके थर्माकोलचे खोके, दोऱ्या, प्लॅस्टिकचे ड्रम, सगळं कुंडीत. सुक्या कुंडीचा सकाळचा उतारा असा:

```
06:15   71
06:30   70
06:45   34
07:00   34
07:15   34
```

पडद्यावर कुंडी ६९ टक्के भरलेली दिसत होती. भरल्याची खूण ३० सेमीवर, म्हणजे अजून जागा आहे. मुकादमकाकांनी जेटीवरून फोटो पाठवला, त्यात थर्माकोल काठाच्या बाहेर आलेला. खाली लिहिलं होतं, "मशीन काय म्हणतंय?"

जाऊन पट्टीने मोजलं. सेन्सरपासून कचरा १७ सेंटिमीटरवर. १७ ची दुप्पट ३४.

झालं असं. १७ सेमीवरून आलेला पहिला प्रतिध्वनी आंधळ्या पट्ट्यात हरवला. पण आवाज तिथे संपत नाही. तो सेन्सरच्या पट्टीवर आपटून परत खाली गेला, थर्माकोलवरून पुन्हा वर आला, आणि हा दुसरा फेरा सेन्सरला नीट ऐकू आला. अंतर दुप्पट दिसलं. लॅबमध्ये प्लायवूडचा तुकडा पुढेमागे करून पडताळलं: २६ सेमीवर धरला तर २६, १८ वर आणला तर ३६. आणखी जवळ १२ वर नेला तर कधी २४, कधी ३६, तिसरा फेरा पकडला तर.

हळूहळू भरणाऱ्या कुंडीत हे बाधत नाही, कारण पातळी ३० ची खूण खऱ्या आकड्याने ओलांडते आणि तेव्हाच कळतं. बाधतं ते एका दमात पंधरा मिनिटांच्या आत भरणाऱ्या कुंडीत. जेटीवर कचरा नेहमी तसाच येतो. लिलाव संपला की सगळे एकदम टाकतात.

आणि ही चूक नेमकी चुकीच्या दिशेची आहे. काठोकाठ भरलेली कुंडी जागा असल्यासारखी दिसते. खूण ४५ सेमीवर आणली तर दुप्पट झालेले आकडे जवळजवळ सगळे तिच्या आत येतात, पण मग कुंडी साठ टक्क्यांनाच भरली म्हणायची. मग गाडी वाचवायची कशाला, असा प्रश्न उरतो.

६ जून

दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, जेटीच्या दोन्ही कुंड्यांवर A02YYUW बसवला. हाही बंद डोळ्याचाच, पण याचा आंधळा पट्टा फक्त ३ सेमी. दुप्पट दिसण्याची भानगड आता सेन्सरजवळच्या तीन सेंटिमीटरपुरती उरते, आणि भरल्याची खूण २२ सेमीवर, म्हणजे ८० टक्क्यांना नेता आली. किंमत बऱ्यापैकी जास्त आहे. एसटी स्टँडच्या कुंड्या दिवसभर थेंबेथेंबे भरतात, तिथे जुनाच चालेल.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, आणि ती फुकट आहे. कचरा स्वतःहून खाली जात नाही. पावसाने थोडा बसतो, भंगारवाले बाटल्या काढून नेतात, गाय तोंड घालते, पण भरलेली कुंडी रिकामी होते ती गाडीनेच. म्हणून एकदा 'भरली' असं ठरलं की ते कुलूप फक्त कुंडी उलटी झाल्यावरच उघडायचं, मध्ये सेन्सर काहीही म्हणो. कुंडी उलटल्याचं कळायला छोटा गोळीवाला टिल्ट स्विच लावलाय. चाकांवर ढकलताना तो क्षणभर वाजतो, म्हणून सलग तीन सेकंद उलटा राहिला तरच ती ओतली असं धरायचं.

आणि प्रतिध्वनी आलाच नाही तर? तेही भरलेलंच. जाळ्याचा भारा असेल, डोळ्यावर पिशवी चिकटली असेल, वायर तुटली असेल. तिन्ही प्रकारांत माणसाने जाऊन बघायलाच हवं.

```cpp
const int DEPTH = 110;   // खोली, सेमी
const int FULL_CM = 22;  // ८० टक्के
bool latched = false;

byte level(int d, bool tipped) {
  if (tipped) latched = false;
  if (d < 3 || d > DEPTH + 10) latched = true;
  if (d <= FULL_CM) latched = true;
  if (latched) return 100;
  int h = max(0, DEPTH - d);
  return (long)h * 100 / DEPTH;
}
```

इथे `d` म्हणजे सात वाचनांतलं मधलं, आणि तेही लागोपाठच्या दोन फेऱ्यांत जुळलेलं. एखादा माणूस वाकून काही शोधत असेल तेवढ्याने कुलूप लागू नये.

१७ जून

संध्याकाळी वादळात टेकडीवरची वीज गेली, गेटवे रात्रभर बंद. सकाळी पडद्यावर सगळ्या कुंड्यांपुढे शेवटचे जुने आकडे निवांत दिसत होते. आता दोन तासांत संदेश नाही आला तर तो आकडा पुसला जातो आणि कुंडी 'भरली' मध्ये जाते. गेटवे पूर्ण बंद पडला तर सगळ्याच भरल्या दिसतील आणि ड्रायव्हरदादा सगळीकडे जातील. म्हणजे प्रकल्पाआधी जे रोज चालायचं तेच एक दिवस चालेल, त्याहून वाईट काही नाही.

८ जुलै

आता गाडी पाठवायची की नाही याचा हिशेब. बंदी असल्यामुळे जेटी शांत आहे, शिकायला बरी वेळ.

सुकी कुंडी आज सकाळी ६ वाजता ६२ सेमी दाखवतेय. (११० − ६२) ÷ ११० म्हणजे ४४ टक्के. गेल्या दोन दिवसांत ती २६ वरून इथे आली, म्हणजे दिवसाला ९ टक्के. ८० गाठायला ३६ टक्के उरले, ३६ ÷ ९ म्हणजे चार दिवस. आज नाही गेली तर चालेल, उद्याही चालेल. प्रश्न 'आत्ता किती भरली' हा नसतोच, 'पुढच्या फेरीपर्यंत भरेल का' हा असतो. ७० टक्क्यांवरची पण दिवसाला २ टक्क्यांनी भरणारी कुंडी थांबू शकते, ५० वरची आणि दिवसाला ४० ने भरणारी नाही.

इथवर कागदावर छान जमलं. मग मुकादमकाकांनी एकच बोट ठेवलं, ओल्या कुंडीवर. ती ३० टक्केच भरलीये, पण परवाची आहे. आत मासळीची आतडी, कोळंबीची सालं. दमट हवेत दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ उभं राहवत नाही, अळ्या होतात, कुत्री ती पाडायला बघतात. भराव मोजणारं यंत्र वास मोजत नाही. ओली कुंडी, पातळी कितीही असो, रोज उचलायलाच हवी.

वजनाचंही तसंच. ११०० लिटरची ही कुंडी साधारण ४४० किलोपर्यंतच्या भारासाठी असते. सुक्या कचऱ्याने काठोकाठ भरली तरी ती तिथवर जात नाही. पावसाचं पाणी धरलेला ओला कचरा ८० टक्क्यांच्या आतच ते गाठू शकतो, आणि सेन्सरला ते कळणार नाही.

आणि दोन्ही कुंड्या शेजारी-शेजारी आहेत. ओलीसाठी कॉम्पॅक्टर रोज जाणार असेल तर सुकीचा सेन्सर गाडी अडवून वाचवणार काय?

तोड काकांनीच काढली. जेटीच्या अलीकडच्या कोळीवाड्यात घरोघरी घ्यायला छोटी घंटागाडी रोज सकाळी जातेच. "तिला अर्धा किलोमीटर पुढं नेऊ आणि ओलं तिच्यात घेऊ. ती गाडी काय उचलून ओतणारी नाही, पण जुलैत ओलं असतंय किती, दोन माणसं हातानं काढतील." म्हणजे ओल्याला रोज घंटागाडी, सुक्याला लागेल तेव्हा कॉम्पॅक्टर. सेन्सर आता फक्त सुक्याचा निर्णय घेतो. ओल्या कुंडीवरचा सेन्सर काढला नाही. ती ८० च्या वर गेली तर घंटागाडीला झेपणार नाही, एवढं आदल्या रात्री कळण्यासाठी तो ठेवलाय.

हाताने काढण्याबद्दल माझं मत नोंदवतो: ही सोय बंदीपुरतीच. हातमोजे आणि बूट दिल्याशिवाय तीही नको, हे आरोग्य निरीक्षकांना सांगितलं. ते लगेच मिळाले.

२३ जुलै

विशेष काही नाही. कॉम्पॅक्टर जेटीला आता तीन-चार दिवसांआड जातोय. टिल्ट स्विचने प्रत्येक वेळी ओतल्याची नोंद नीट दिली. सेन्सरच्या छपरात कोळ्याने जाळं केलं होतं, वाचनावर परिणाम नव्हता, तरी पुसून घेतलं.

३ ऑगस्ट

बंदी उठली, होड्या गेल्या, आणि पहिल्या दोन दिवसांत अंदाजाचं पार भजं झालं.

सुकी कुंडी १ तारखेला सकाळी ३८ टक्के होती. सरासरी आठवड्याची, दिवसाला ८ टक्के, म्हणून पडद्यावर 'पाच दिवस' असं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच कुलूप लागलं. बर्फाची पोती, थर्माकोल, डिझेलचे कॅन. आठवड्याच्या सरासरीला बंदी उठल्याचं कळायला आठवडा लागतो.

आता दोन दर काढतो, एक सात दिवसांचा आणि एक शेवटच्या चोवीस तासांचा, आणि त्यातला मोठा धरतो. वेग वाढला की अंदाज लगेच आखडतो, कमी झाला की सावकाश सैल होतो. यात काही फेऱ्या उगाच जातील. काकांच्या त्या वाक्याप्रमाणे त्या परवडतात.

ओल्याची घंटागाडीची सोयही संपली, एवढं ओलं तिला झेपत नाही. आरोग्य विभागाने उचलून ओतणारी यंत्रणा असलेला छोटा टिपर जेटीला द्यायचं कबूल केलंय. तो येईपर्यंत कॉम्पॅक्टर रोज जातोय, आणि तेवढ्या काळात जेटीवर आमचा सेन्सर एक थेंब डिझेल वाचवत नाही. अहवालात हे तसंच लिहिलंय. सरांना ते वाक्य खटकलं, पण ठेवलं.

१४ ऑगस्ट

जाळ्याचा प्रश्न पुन्हा आला. रात्री कोणीतरी भलामोठा भारा टाकला, प्रतिध्वनी बंद, कुलूप लागलं, गाडी गेली. कुंडी चाळीस टक्केच होती. ड्रायव्हरदादा चिडले नाहीत, उलट म्हणाले, जाळं असेल तर ते आधीच वेगळं काढलेलं बरं, कॉम्पॅक्टरच्या दाबपट्टीत ते गुंडाळलं की अर्धा दिवस सुरीने कापत बसावं लागतं. म्हणजे ज्याला आम्ही खोटी सूचना समजत होतो, ती त्यांच्या दृष्टीने कामाची आहे. आता प्रतिध्वनी नसल्यामुळे लागलेलं कुलूप पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवतो, 'बघून या' अशा शब्दांत. तिथे कॉम्पॅक्टर नाही, दुचाकीवरून सफाई कामगार जातो.

२४ ऑगस्ट

टिपर आला. जेटीचं ओलं आता रोज त्यात, सुकं कॉम्पॅक्टरमध्ये, सेन्सर सांगेल तेव्हा.

बुधवारी, २७ तारखेला गणपती. मुंबईची माणसं आत्ताच उतरायला लागलीत, एसटी स्टँडच्या कुंड्या सकाळ-संध्याकाळ भरताहेत. आपला अंदाज मागच्या दिवसांवरून पुढचे दिवस काढतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसावरून चतुर्थी काढता येत नाही. म्हणून काकांशी बोलून ठरवलं: २६ ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत, 'आज जाऊ नका' हा संदेश बंद. गाडी सगळीकडे रोज ठरल्याप्रमाणे जाईल. सेन्सर फक्त उलट कामाला, म्हणजे दुपारी कुठे भरली आणि जादा फेरी लागते का, तेवढं सांगायला. निर्माल्यासाठी वेगळे कलश ठेवताहेत, त्यांच्यावर सेन्सर नाहीत आणि लावायचे नाहीत, ते तासातासाला माणूसच रिकामे करतो.

या काळात करायचं काम: एसटी स्टँडच्या चार कुंड्यांवर JSN-SR04T बसवणं, खूण ३० सेमीवर. तिथे आसपासच्या हॉटेलांचा कचरा टेम्पोने एकदम येतो का हे आधी दोन रात्री जाऊन बघायचं. येत असेल तर तिथेही महागडाच सेन्सर लागेल, आणि त्याची मागणी चतुर्दशीनंतरच्या बैठकीच्या आधी द्यायची आहे.